डिस्चार्जच्या दिवशी पदरचे किती? डिडक्टिबल आणि को-पेचा हिशेब

हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर मी काही वर्षं काम केलं. तिथे रोज एक प्रश्न यायचा. पेशंटला घरी न्यायचं असतं, सामान बांधून झालेलं असतं, आणि काउंटरवर पंचाहत्तर हजारांचा आकडा समोर येतो. "मॅडम, पॉलिसी तर पाच लाखांची आहे ना? बिल तीन लाखांचं. मग आम्ही पैसे कसले भरायचे?" बहुतेक वेळा त्याचं उत्तर पॉलिसीतल्या दोन शब्दांत असायचं: डिडक्टिबल किंवा को-पे. घेताना दोन्हींमुळे प्रीमियम कमी होतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात. डिस्चार्जच्या दिवशी मात्र दोघांची चाल अगदी वेगळी असते.

डिडक्टिबल म्हणजे ठरलेली रक्कम. पॉलिसीत ५०,००० रुपये डिडक्टिबल लिहिलं असेल, तर मान्य खर्चातले पहिले ५०,००० तुमचे. त्यावरच्या खर्चापासून कंपनीची जबाबदारी सुरू होते. को-पे म्हणजे ठरलेली टक्केवारी. २० टक्के को-पे असेल तर मान्य खर्चातल्या प्रत्येक शंभर रुपयांतले वीस तुमचे, मग खर्च दहा हजार असो की दहा लाख. भारतात विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या व्याख्यांतही हाच फरक आहे. एकात रुपयांची ठरावीक रक्कम, दुसऱ्यात मान्य रकमेचा ठरावीक टक्का. आणि या दोन्हींमुळे तुमची विमा रक्कम, म्हणजे सम इन्शुअर्ड, कमी होत नाही, हेही त्याच व्याख्यांत सांगितलं आहे.

वर मी दोनदा "मान्य खर्च" म्हटलं, ते मुद्दाम. सगळी गफलत तिथेच होते.

पायरी पहिली: बिलातून मान्य रक्कम काढा

हॉस्पिटलचं बिल आणि कंपनीने मान्य केलेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी. बिलात अ‍ॅडमिशन किट, डायपर, टूथपेस्ट, नोंदणी शुल्क, सोबत राहणाऱ्याचं जेवण असं बरंच काही असतं. यातल्या बऱ्याच गोष्टी विम्यात बसत नाहीत. डेस्कवर आम्ही त्यांना सरसकट "नॉन-पेएबल" म्हणायचो. काही पॉलिसींमध्ये जास्त प्रीमियम भरून हा खर्चही घेता येतो, पण तो तसा घेतलेला नसेल तर हे पैसे तुमचेच.

दुसरी कात्री खोलीच्या भाड्याची. पॉलिसीत दिवसाच्या भाड्याला मर्यादा असेल आणि तुम्ही त्याहून महाग खोली घेतली, तर नुसता भाड्यातला फरक कापला जात नाही. डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावायची नसते. हा विषय मोठा आहे, इथे एवढंच लक्षात ठेवा की ही कपात डिडक्टिबल नव्हे. मंजुरीच्या पत्रात "डिडक्शन" हा शब्द दिसला की लोकांना वाटतं, हेच ते डिडक्टिबल. डिडक्शन म्हणजे कुठलीही कपात, तर डिडक्टिबल म्हणजे तुम्ही पॉलिसी घेताना कबूल केलेला आपला वाटा. पत्रात हे दोन आकडे वेगवेगळ्या ओळींवर असायला हवेत. एकाच ओळीत मिसळलेले दिसले तर डेस्कवर फोड करून मागा.

आता एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच वापरू. बिल ३,१५,००० रुपयांचं. खोली मर्यादेतली, त्यामुळे तिथे कपात नाही. नॉन-पेएबल गोष्टी १५,००० रुपयांच्या. उरले ३,००,०००. ही झाली मान्य रक्कम.

पायरी दुसरी: आपला वाटा लावा

समजा पॉलिसीत फक्त ५०,००० रुपयांचं डिडक्टिबल आहे. तीन लाखांतून पन्नास हजार वजा केले की कंपनी हॉस्पिटलला २,५०,००० देणार. तुमचे पन्नास हजार, शिवाय नॉन-पेएबलचे पंधरा हजार, असे ६५,००० रुपये.

त्याऐवजी समजा फक्त २० टक्के को-पे आहे. तीन लाखांचे वीस टक्के म्हणजे ६०,०००. कंपनी २,४०,००० देणार. तुमचे साठ आणि पंधरा मिळून ७५,००० रुपये. सुरुवातीला सांगितलेला काउंटरवरचा पंचाहत्तर हजारांचा आकडा हाच.

दोन्हींत दहा हजारांचाच फरक दिसतो, म्हणून "काय फरक पडतो" असं वाटेल. बिलाचा आकार बदलला की हा फरक कुठल्या कुठे जातो. मान्य रक्कम फक्त ४०,००० असली, तर डिडक्टिबलवाल्याला कंपनीकडून काहीच मिळत नाही, सगळे चाळीस हजार त्याचेच. को-पेवाला मात्र ८,००० भरून मोकळा. उलट मान्य रक्कम ९,००,००० झाली (आणि विमा रक्कम तेवढी पुरेशी आहे असं धरलं), तर डिडक्टिबलवाला तेच पन्नास हजार भरतो आणि को-पेवाल्याचा वाटा जातो १,८०,००० वर. या दोन अटींचा तराजू समतोल होतो तो अडीच लाखांवर, कारण अडीच लाखांचे वीस टक्के म्हणजे बरोबर पन्नास हजार. त्याखाली को-पे परवडतो, त्यावर डिडक्टिबल.

तुमच्या पॉलिसीसाठी हा आकडा काढायचा असेल तर डिडक्टिबलच्या रकमेला को-पेच्या टक्केवारीने भागा. एक लाखाचं डिडक्टिबल आणि १० टक्के को-पे यांची तुलना करताना तो आकडा दहा लाख येतो. म्हणजे दहा लाखांपर्यंतच्या कुठल्याही बिलात को-पेच स्वस्त. माझं स्वतःचं मत विचाराल तर मोठ्या आजारासाठी मला डिडक्टिबल बरं वाटतं, कारण कितीही बिल झालं तरी आपला वाटा कितीवर थांबणार हे आधीच माहीत असतं. को-पेला असं छत नसतं. पण तेवढी रक्कम घरात तयार ठेवता येत नसेल तर हे मत काही कामाचं नाही.

दोन्ही एकाच पॉलिसीत असतील तर

अशा पॉलिसी असतात. मग प्रश्न येतो, आधी काय लावायचं? बहुतेक पॉलिसींत आधी डिडक्टिबल वजा होतं आणि उरलेल्यावर को-पे लागतो. आपल्या उदाहरणात तीन लाखांतून पन्नास हजार गेले, उरले अडीच लाख. त्याचे वीस टक्के पन्नास हजार. तुमचा वाटा झाला एक लाख, आणि नॉन-पेएबल धरून १,१५,०००. कंपनी देणार दोन लाख.

हाच क्रम उलटा करून पाहा. आधी तीन लाखांवर वीस टक्के, म्हणजे साठ हजार. उरले दोन लाख चाळीस हजार, त्यातून पन्नास हजार वजा. कंपनी देणार १,९०,०००, तुमचे १,२५,०००. अटी त्याच, तरी नुसत्या क्रमामुळे दहा हजार जास्त गेले. हा फरक नेहमी डिडक्टिबलवरच्या को-पेइतका असतो, इथे पन्नास हजारांचे वीस टक्के. पॉलिसीच्या पुस्तिकेत क्लेमची रक्कम कशी काढली जाते याचा एक परिच्छेद असतो, क्रम तिथे लिहिलेला असतो. तो परिच्छेद फोनमध्ये फोटो काढून ठेवा. डिस्चार्जच्या दिवशी पुस्तिका शोधायला कोणी घरी जात नाही.

अ‍ॅडमिट असताना रोज काय करायचं

कॅशलेस असेल तर भरती होताना हॉस्पिटल कंपनीकडे किंवा टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम पाहणाऱ्या संस्थेकडे, मंजुरी मागतं. पहिली मंजुरी अंदाजावर येते. तिच्यातला आकडा पाहून निश्चिंत होऊ नका, कारण शेवटचा हिशेब अंतिम बिलावरच होतो.

दर एक-दोन दिवसांनी बिलिंगमधून चालू बिल मागा. इथे दोन्ही अटींचा स्वभाव स्पष्ट दिसतो. डिडक्टिबलची रक्कम बिलाने ओलांडली की तुमचा वाटा तिथेच थांबतो. आयसीयूत दोन दिवस वाढले तरी तो वाढत नाही, फक्त नॉन-पेएबल थोडे वाढतात. को-पेचा वाटा मात्र बिलासोबत रोज वाढतो. वीस टक्के को-पे असताना मुक्काम लांबून बिल ऐंशी हजारांनी वाढलं, तर तुमचे सोळा हजार वाढले. पैशांची जमवाजमव करताना को-पेवाल्याने चालू बिलावर हिशेब करू नये. डॉक्टर आणखी किती दिवस म्हणताहेत ते विचारून अंदाजित शेवटच्या बिलावर करावा.

भरती होताना घेतलेलं डिपॉझिटही या हिशेबात धरायचं. पन्नास हजार डिपॉझिट भरलं असेल आणि तुमचा एकूण वाटा ६५,००० असेल, तर काउंटरवर पंधरा हजारच भरायचे. ही वजाबाकी गडबडीत राहून गेलेली मी पाहिली आहे, आणि मग ते पैसे परत मिळवायला नातेवाइकांना पुन्हा यावं लागायचं. पावती हाताशी ठेवा.

डिस्चार्जच्या दिवशी

डॉक्टरांनी सुट्टी दिली की हॉस्पिटल अंतिम बिल कंपनीकडे पाठवतं. आयआरडीएआयच्या २०२४ च्या सूचनांनुसार कंपनीने ३ तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. त्याहून उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली, तर तो भार कंपनीचा. हे तीन तास मोजायला सुरुवात होते ती हॉस्पिटलकडून विनंती पोचल्यावर. डॉक्टरांनी सुट्टी सांगितली ती वेळ धरत नाहीत. म्हणून डेस्कवर "फाइल किती वाजता पाठवली?" एवढं विचारून घ्या.

मंजुरी आली की दोन कागद मागा: तपशीलवार अंतिम बिल आणि अंतिम मंजुरीचं पत्र. पत्रात वरून खाली साधारण अशी उतरण असते: मागितलेली रक्कम, त्यातून अमान्य झालेली, मग डिडक्टिबल, मग को-पे, आणि शेवटी मंजूर रक्कम. आता मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर ताळा करा. मंजूर रक्कम आणि तुमचा वाटा यांची बेरीज एकूण बिलाइतकी यायला हवी. आपल्या को-पेच्या उदाहरणात २,४०,००० आणि ७५,००० मिळून ३,१५,०००. जुळलं. हॉस्पिटलने कंपनीला काही सवलत दिली असेल तर बेरीज कमी भरेल. अशा वेळी तो फरक सवलतीच्या ओळीत दिसला पाहिजे. तो तुमच्याकडून वसूल होता कामा नये.

सर्वात जास्त वेळा सापडणारी चूक अशी: को-पे मान्य रकमेऐवजी संपूर्ण बिलावर लावलेला असतो. ३,१५,००० चे वीस टक्के ६३,०००. मग तुमच्याकडून ६३,००० आणि वर नॉन-पेएबलचे १५,००० असे ७८,००० मागितले जातात. वरवर पाहिलं तर फरक तीन हजारांचा. पण कशामुळे? जे पंधरा हजार तुम्ही पूर्ण भरताच आहात, त्यावर पुन्हा वीस टक्के लावल्यामुळे. पत्रातल्या को-पेच्या रकमेला टक्केवारीने भागलं की ती कशावर काढली ते लगेच कळतं. ६३,००० ला ०.२० ने भागा, ३,१५,००० येतात, म्हणजे चूक पकडली.

दुसरी चूक को-पे लागू होतो की नाही यातच असते. को-पे दरवेळी सगळ्यांना सरसकट नसतो. काही पॉलिसींत तो ठरावीक वयानंतर विमा घेतलेल्यालाच लागतो. काहींत स्वस्त शहरांच्या विभागाचा प्रीमियम भरून महाग शहरांच्या विभागात उपचार घेतले तर लागतो, काहींत नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलसाठी. साठीच्या आत पॉलिसी घेऊन वर्षानुवर्षं चालू ठेवलेल्या बाईंना निव्वळ आजच्या वयाकडे पाहून को-पे लावलेला मी पाहिला आहे. त्यांच्या अटीत वय पाहायचं होतं ते पॉलिसीत प्रवेश घेतानाचं. पहिल्या वर्षीचं पॉलिसीपत्र दाखवल्यावर दुरुस्त मंजुरी आली, तीही त्याच दिवशी.

चूक दिसली तर पैसे भरण्याआधी डेस्ककडून कंपनीला शंका पाठवायला सांगा. पेशंट थकलेला आहे, थांबणं शक्य नाही, असं असेल तर भरा, पण बिलाच्या प्रतीवर "हरकत नोंदवून भरले" असं लिहून पावती घ्या, आणि त्या दोन्ही कागदांसह कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढे विमा लोकपालाकडे जाता येतं.

त्याच वर्षी पुन्हा भरती झालं तर

इथे डिडक्टिबलचे दोन प्रकार निघतात. एक दर क्लेमला लागणारं, दुसरं वर्षभराचं एकत्रित. पॉलिसीपत्रावर "पर क्लेम" किंवा "अ‍ॅग्रिगेट" असा शब्द शोधा. समजा आपल्या पेशंटला चार महिन्यांनी वेगळ्या आजारासाठी पुन्हा भरती करावं लागलं आणि मान्य रक्कम ८०,००० झाली. डिडक्टिबल दर क्लेमचं असेल तर पुन्हा पन्नास हजार तुमचे, कंपनी देणार तीस. एकत्रित असेल तर ते पहिल्याच वेळी भरून संपलं, आता सगळे ऐंशी हजार कंपनी देणार. को-पे असेल तर प्रत्येक वेळी वीस टक्के, म्हणजे १६,०००.

एकत्रित डिडक्टिबल असलेल्यांना एक गोष्ट सांगायचीच आहे. वर्षातली पहिली भरती छोटी असेल, समजा मान्य खर्च चाळीस हजार, तर "कंपनी काही देणारच नाही" म्हणून बिल फाइलमध्ये टाकून दिलं जातं. तसं करू नका. ते बिल, डिस्चार्ज समरी आणि पावत्या कंपनीकडे नोंदवा. मग पुढच्या वेळी डिडक्टिबलमधले दहा हजारच उरलेले असतील. नोंदवलं नाही तर कंपनीच्या खात्यात तुमचे पन्नासच्या पन्नास हजार अजून बाकी दिसतील, आणि डिस्चार्जच्या काउंटरवर चाळीस हजारांचे कागद शोधत बसावं लागेल.

टॉप-अपची एक फट

मूळ पॉलिसीच्या वर जादा संरक्षण देणाऱ्या टॉप-अप आणि सुपर टॉप-अप पॉलिसींचं सगळं गणित डिडक्टिबलवरच उभं आहे. टॉप-अपमध्ये ते प्रत्येक क्लेमला मोजतात, सुपर टॉप-अपमध्ये वर्षाच्या एकूण मान्य खर्चावर. पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि वर पाच लाख डिडक्टिबलची सुपर टॉप-अप, अशी जोडी पुष्कळांकडे असते. इथे डिडक्टिबल खिशातून भरायची गरज नसते, ती रक्कम मूळ पॉलिसीने भरली तरी चालते.

पण मूळ पॉलिसीत २० टक्के को-पे असेल तर? समजा मान्य खर्च ४,५०,००० झाला. मूळ पॉलिसी ३,६०,००० देणार, ९०,००० तुमचे. लोक म्हणतात, ते नव्वद हजार सुपर टॉप-अपमधून घेऊ. मिळणार नाहीत, कारण एकूण खर्चाने पाच लाखांचा उंबरठा ओलांडलेलाच नाही. उंबरठ्याखालचा को-पे कुठलाच टॉप-अप झेलत नाही. खर्च पाच लाखांच्या वर गेला तर वरचा भाग सुपर टॉप-अपकडे मागता येतो, आणि दोन कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी लेखी विनंती केल्यावर पहिल्या कंपनीने दुसरीशी समन्वय साधायचा असतो. ही विनंती भरतीच्या दिवशीच द्या आणि दोन्ही पॉलिसींची कार्डं डेस्कवर एकदमच ठेवा. डिस्चार्जच्या दुपारी दुसरी पॉलिसी बाहेर काढली तर त्या दिवशी कॅशलेसची आशा फारशी धरू नका. तो भाग आधी स्वतः भरायचा आणि नंतर कागद पाठवून परत मागायचा, हाच मार्ग उरतो.